प्लास्टरआड शिजतंय काय?

अब्रह्मण्यम्! ऐकलंत का मंडळी? कालपरवापर्यंत कुणाच्या पायाला प्लास्टर चढलं, की घरात डिंकाचे लाडू यायचे, नाचणीचं सत्त्व यायचं, आणि समोरच्या काकू पाया सूपची आठवण काढून स्वतःच ‘आमच्यात चालत नाही हो’ म्हणायच्या. आता काय येतं? पांढऱ्या पावडरीचा डबा! झाकणावर दंड फुगवलेला गडी, आत क्रिएटिन. ज्या पोराला आठवड्यातून एकदा जिन्याने चढणं जिवावर यायचं, ते पाय उशीवर ठेवून दिवसातून चार वेळा चमचा ढवळतंय. विचारलं तर ऐटीत सांगतं, “काका, प्लास्टरमध्ये मसल लॉस होतो. हे घेतलं की होत नाही.”

आणि वर कुजबूज वेगळीच. कुणी म्हणतं हे मांसातून काढतात, कुणी म्हणतं किडनी जाते, कुणाला ते स्टेरॉइड वाटतं. शांतं पापम्! आता या सगळ्या गोष्टी चव्हाट्यावर आणल्याच पाहिजेत, कारण गंमत अशी की घाबरणारेही चुकतायत आणि हुरळणारेही.

घाबरणाऱ्यांचं आधी उरकून टाकू. क्रिएटिन हे स्टेरॉइड नाही. आपलं शरीरच ते रोज थोडं बनवतं, आणि 70 किलोच्या माणसाच्या अंगात साधारण 120 ग्रॅम साठा असतो, बहुतेक सगळा स्नायूंत. मांसमच्छीतून ते मिळतं हे खरं, पण डब्यातली पावडर कारखान्यात रसायनांपासून बनते, त्यामुळे देवघराची चिंता नको. उलट शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा मुळातच कमी असल्याने पावडरीचा भरणा त्याच्यात जास्त होतो. म्हणजे आमच्या वरणभातवाल्यांनाच याचा फायदा अधिक! काकूंना हे कोण सांगणार?

किडनीचं प्रकरण जरा नाजूक आहे. क्रिएटिनपासून शरीरात क्रिएटिनिन तयार होतं, आणि किडनी कशी चालते हे डॉक्टर रक्तातल्या याच क्रिएटिनिनवरून ताडतात. पावडर घेणाऱ्याचा आकडा थोडा वर जातो, आणि निरोगी किडनीवरही रिपोर्टात लाल खूण उमटते. हाड बसवायला ऑपरेशन ठरलेलं असेल तर त्या खुणेपायी घरभर रडारड! म्हणून रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, “मी क्रिएटिन घेतोय.” हवं तर ते सिस्टॅटिन-सी ही दुसरी तपासणी करतील, तिच्यावर या पावडरीचा असा परिणाम होत नाही. मात्र ज्याची किडनी आधीच दुखणाईत आहे, त्याने हा डबा डॉक्टरांच्या होकाराशिवाय उघडू नये.

झालं घाबरणाऱ्यांचं. आता हुरळलेल्यांकडे वळू, खरी मजा तिथेच आहे.

पोराचं अर्धं म्हणणं खरं आहे. हालचाल थांबली की स्नायू भराभर झडतात. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी निरोगी तरुणांच्या एका पायाला मुद्दाम प्लास्टर घातलं (हो, मुद्दाम! लोक विज्ञानासाठी काय काय करतात!) आणि मोजमाप घेतलं. पाचच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा घेर साडेतीन टक्के आणि जोर नऊ टक्के उतरला. दोन आठवड्यांनी घेर आठ टक्क्यांवर गेला आणि जोर तेवीस टक्क्यांवर. बघा, जोर घेरापेक्षा कितीतरी पुढे पळतो. प्लास्टरमधला स्नायू कुणी चोरून नेत नाही; रोजची नवी प्रथिनं बांधण्याचं काम मंदावतं, जुन्यांची मोड चालूच राहते, आणि रोजच्या हिशोबात तूट येते.

मग क्रिएटिनने ही तूट भरते, हा डांगोरा पिटला कुणी? तर 2009 साली कॅनडातल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांच्या हाताला आठवडाभर प्लास्टर घातलं. एका खेपेस नुसती साखरी पूड दिली, दुसऱ्या खेपेस क्रिएटिन, पाच-पाच ग्रॅम दिवसातून चारदा. नुसत्या पुडीवर दंडाचं चरबीविरहित वजन पावणेचार टक्के घटलं, क्रिएटिनवर घटलंच नाही, उलट टक्काभर वाढलं. कोपर वाकवण्याचा जोर एकीकडे एकवीस टक्क्यांच्या वर उतरला, दुसरीकडे जेमतेम चार टक्के. आहे की नाही जादू? हाच तो आकडा, जो जिमपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत मिरवतोय.

आता सांगू का त्या प्रयोगात माणसं किती होती? सात. अख्ख्या जगाला पावडर ढवळायला लावणारी माणसं एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावली असती!

आणि ते वाढलेलं वजन? क्रिएटिन स्नायूत शिरताना पाणी सोबत घेऊन जातं. भरण्याच्या पहिल्या आठवड्यात माणसाचं वजन एखादा किलो वाढतं ते त्यामुळेच. हे पाणीही यंत्र चरबीविरहित वजनातच मोजतं. पातेल्यात भिजत घातलेले हरभरे फुगले म्हणून दाण्यांची संख्या वाढत नाही. जोराचा आकडा पाण्याने फुगत नाही हे कबूल, पण सात जणांवर संसार उभा करू नये.

तो उभा राहिला नाहीच. 2017 साली मास्ट्रिक्टच्याच मंडळींनी तीस तरुण घेतले आणि पुरती तयारी केली. प्लास्टर चढण्याच्या पाच दिवस आधीपासून रोज 20 ग्रॅम क्रिएटिन देऊन स्नायू भरून घेतले, मग आठवडाभर पायाला प्लास्टर आणि रोज पाच ग्रॅम. स्नायूचा बारीक तुकडा काढून क्रिएटिन आत पोचल्याची खात्रीही केली. निकाल? खरी पावडर घेणारे आणि खोटी घेणारे, दोघांचाही स्नायू सारखाच झडला, जोरही सारखाच उतरला. प्लास्टर निघाल्यावर पुढच्या आठवड्यात जी भरपाई झाली, तीही सारखीच. लक्षात घ्या, ही तयारी प्लास्टर चढण्याच्या पाच दिवस आधीची होती. आमची मंडळी स्कूटरवरून पडण्याचा मुहूर्त पाच दिवस आधी कळवत नाहीत!

मग सगळाच फुगा का? थांबा, प्रकरणाला एक वळण आहे. 2001 साली बेल्जियममधल्या लुवेनला बावीस जणांच्या पायाला दोन आठवडे प्लास्टर घातलं. प्लास्टरमध्ये असताना रोज 20 ग्रॅम क्रिएटिन असूनही मांडी दहा टक्के झडली आणि ताकद पाव हिश्शाने गेली, खोटी पूड घेणाऱ्यांइतकीच. पण नंतर दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, मांडीचा कसून व्यायाम करून घेतला आणि क्रिएटिन हळूहळू पाच ग्रॅमवर आणून चालू ठेवलं. तेव्हा मात्र क्रिएटिनवाल्यांची मांडी आणि ताकद लवकर परतली.

यामागचं कारण 1992 सालापासून ठाऊक आहे. तेव्हा स्वीडनमधल्या संशोधकांनी लोकांना एकाच पायाने सायकल मारायला लावली आणि क्रिएटिन दिलं. राबणाऱ्या पायाने विसावलेल्या पायापेक्षा ते जास्त ओढून घेतलं. म्हणजे स्नायू काम करतो तेव्हा तो क्रिएटिन खेचतो, आणि त्या क्रिएटिनच्या जोरावर व्यायामाच्या चार फेऱ्या जास्त मारू शकतो. प्लास्टरमध्ये पडलेला पाय कसल्या फेऱ्या मारणार? इथेही टाळ्या जपून वाजवा. लुवेनला पावडर प्लास्टरमध्येही चालू होती, त्यामुळे ती फक्त नंतर घेऊन तेवढाच लाभ होईल का, हे त्यातून ठरत नाही. आणि गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर व्यायाम करणाऱ्या रुग्णांना 2004 साली क्रिएटिन देऊन पाहिलं, तर ताकद परतण्यात फरक पडला नव्हता.

आता धरा, पस्तिशीचा, 70 किलोचा, शाकाहारी गडी आहे. नडगीचं हाड मोडलंय, प्लास्टर सहा आठवड्यांचं. त्याने रोज 20 ग्रॅमचा मारा करायची काहीच घाई नाही. तेवढं एकदम घेतलं तर पोट मात्र सैल होतं. रोज तीन ते पाच ग्रॅम घेतलं तरी महिनाभरात स्नायू तेवढेच भरतात, आणि ते प्लास्टर निघण्याच्या सुमारास भरलेले असले की पुरे. म्हणजे डबा चौथ्या-पाचव्या दिवशी नाही, दुसऱ्या आठवड्यात उघडला तरी चालतो. मधल्या काळात खरं काम दुसरंच आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की फिजिओ मांडी आवळून पाच-दहा सेकंद धरायला आणि सोडायला शिकवतात. गुडघा हलत नाही, पण स्नायू जागा राहतो. विजेच्या हलक्या झटक्यांनी स्नायू आवळला तर पाच दिवसांच्या प्लास्टरमध्ये घेर टिकतो, हेही मास्ट्रिक्टलाच दिसलंय. फक्त जोर तरीही उतरला.

प्लास्टर निघाल्यावर टेपने मांडी मोजून खूश होऊ नका. सूज आणि पाणी दोन्ही टेपला फसवतात. पूर्ण भार टाकायची मुभा मिळाली की खुर्चीतून एका पायावर उठून बघा, किती वेळा जमतं ते दोन्ही पायांचं मोजा. हा हिशोब खरा. आणि प्लास्टरच्या आत दुखणं वाढत गेलं, बोटं बधिर किंवा निळी पडली, पोटरी ठणकायला लागली, तर तो पावडरीचा गुण नव्हे. तडक दवाखाना गाठा.

तर मंडळी, निकाल असा: प्लास्टरमधला स्नायू क्रिएटिन वाचवतं, हे सिद्ध झालेलं नाही. प्लास्टर निघाल्यावर घाम गाळणाऱ्याला कदाचित थोडा हात देतं. जो फिजिओकडे जायचा कंटाळा करणार आहे, त्याने डबा आणूच नये. त्या पैशांचे डिंकाचे लाडू करावेत, निदान समाचाराला आलेल्यांची तरी सोय होईल.