तिकडचे साहेब

आमच्या बाणेरच्या सोसायटीत त्यांना खऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचे ते ‘तिकडचे साहेब’. 2013 साली न्यू जर्सीला गेले, आई-वडील थकले म्हणून अकरा वर्षांनी परतले. रांगेत पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवून उभे राहतात. त्या अंतरात दोघं तरी सहज घुसतात. रिक्षावाल्याला ‘थँक यू’ म्हणतात. तो म्हणतो, “सुट्टे द्या.”

हे सगळं चालून गेलं असतं. पण साहेबांना नोकरी शोधायची होती, आणि त्यांचा समज असा की वीस वर्षांचा अनुभव असला की झालं.

एचआरच्या मुलीनं फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, “सर, करंट सीटीसी?” साहेबांनी डॉलरमधल्या पगाराला त्या दिवशीच्या भावानं गुणून आकडा सांगितला. पलीकडे शांतता पसरली. मग प्रश्न आला, “नोटीस पिरियड?” साहेब अभिमानानं म्हणाले, “शून्य. उद्या येतो.” इथं नव्वद दिवसांची नोटीस ही चारित्र्याच्या दाखल्यासारखी. उद्या येतो म्हणणारा माणूस एकतर काढून टाकलेला असणार किंवा पुन्हा पळणारा. “सर, परत जाणार नाही ना?” हे तर प्रत्येक मुलाखतीत विचारलं. व्हिसावरच्या अधिकाऱ्यानं अकरा वर्षांपूर्वी नेमका उलटा प्रश्न विचारला होता, परत येणार ना?

अखेर एका कंपनीनं बेचाळीस लाखांची ऑफर दिली. साहेबांनी बाराने भागून साडेतीन लाख काढले आणि मोठ्या टीव्हीच्या किमती बघायला घेतल्या. मी त्यांना पत्र नीट वाचायला लावलं. त्यातले सहा लाख तीस हजार ‘व्हेरिएबल’, म्हणजे कंपनीचं आणि तुमचं बरं चाललं तर वर्षअखेरीला. बेसिक सोळा लाख ऐंशी हजार. त्यावर कंपनीनं भरायचा बारा टक्के पीएफ, म्हणजे दोन लाख, तोही या बेचाळिसातच. ग्रॅच्युइटीचे ऐंशी हजारही त्यातच, आणि ती पाच वर्षं टिकलात तर. मग स्वतःच्या वाट्याचा पीएफ, मग टॅक्स. महिन्याला हातात येणार दोन लाखांच्या जरा वर. “तिकडे पगार म्हणजे पगार असायचा हो,” साहेब म्हणाले. टीव्हीचा विषय पुन्हा निघाला नाही.

खरी गंमत पुढे. जॉइनिंगच्या आधी कंपनीनं रिलिव्हिंग लेटर मागितलं. साहेबांनी तिकडच्या एचआरला मेल टाकला. उत्तर आलं, हे काय असतं? अमेरिकेत बहुतेक नोकऱ्यांत माणूस शुक्रवारी लॅपटॉप परत करतो आणि सोमवारपासून येत नाही. त्याला ‘मुक्त केलं’ असं कुणी लिहून देत नाही. इथल्या पडताळणीवाल्यांचा फॉर्म मात्र तो रकाना भरल्याशिवाय पुढे सरकेना. पुढचा रकाना यूएएनचा. पीएफचा हा नंबर 2014 साली सुरू झाला. साहेब त्याआधीच विमानात बसलेले. म्हणजे सरकारदरबारी हा माणूस जन्मात नोकरीला नव्हता. शेवटी तिकडच्या एचआरकडून नोकरीच्या तारखांचं साधं पत्र, डब्ल्यू-टू हे कराचे फॉर्म आणि शेवटची पगाराची स्लिप एवढ्यावर भागलं. यूएएन नवा निघाला. त्रेचाळिसाव्या वर्षी साहेब फ्रेशर झाले.

आता ते रुजू झालेत. दहाच्या मीटिंगला नऊ अठ्ठावन्नला हजर असतात आणि सव्वादहापर्यंत स्वतःचाच चेहरा बघतात. पण त्याचं दुःख त्यांना नाही. दुःख आहे ते संध्याकाळचं. क्लायंट न्यू जर्सीचाच निघाला. तिकडे असताना साहेब सकाळी अकराला, कॉफी हातात घेऊन, ‘ऑफशोअर’ला झटपट कॉल लावायचे. त्यांच्या अकराला इथं रात्रीचे साडेआठ होतात, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेनऊ, हे कॅलेंडरात दिसायचं. पण इथल्या माणसाची आमटी गार होते, हे कॅलेंडरात दिसत नाही. आता ऑफशोअर म्हणजे साहेब स्वतःच. आणि कॉल लावतो त्यांनीच एकेकाळी तिकडे बोलावून घेतलेला, त्यांच्या हाताखाली शिकलेला पोरगा.

परवा त्याचं आमंत्रण आलं: ‘क्विक सिंक’, तिकडचे दुपारी चार. इथं मध्यरात्र उलटून दीड. साहेबांनी अर्धा तास खपून नम्र इंग्रजीत लिहिलं, की ही वेळ आम्हाला थोडी गैरसोयीची आहे. पोराचं उत्तर पाच मिनिटांत आलं, अतिशय आदरानं. सर, तुम्हीच शिकवलंत ना, की भारतातली टीम वेळेच्या बाबतीत फ्लेक्झिबल असते?