लाडूबाईचे दहा चरण

पोरासाठी मोजून-मापून गाणं रचायची सवय आपल्याला फार जुनी आहे. बारशाच्या पाळण्यात पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं, असं करत बायका थेट बाराव्या दिवसापर्यंत येतात आणि मग बाळाच्या कानात नाव सांगतात. पाळणा रचणाऱ्याला एक मोठी सोय असते, त्याचा मालमसाला तयार असतो. पाचवीची पूजा पाचव्या दिवशी, सटवाई सहाव्या दिवशी, नाव बाराव्या दिवशी. बाळ राम असो, कृष्ण असो की तिवशाच्या कृषी केंद्रवाल्याची पोरगी असो, दिवसांची यादी बदलत नाही.

वर्षांचं तसं नसतं. पोरीला दहा वर्षं पूर्ण होणार म्हणून आम्ही नवराबायकोनं वर्षाला एक आठवण अशी कविता करायचं ठरवलं, तेव्हा लक्षात आलं की तिसऱ्या वर्षाची कुठली पूजा नसते. ते वर्ष खणूनच काढावं लागतं.

आधी छंदाचा प्रश्न आला. माझे वडील, म्हणजे आबा, गुरुदेव सेवा मंडळाचे. गुरुकुंज मोझरी आमच्याच तालुक्यात, त्यामुळे आमच्या घरी खंजिरी ही वस्तू मिक्सरच्या आधीपासून आहे. आबांचं म्हणणं, ओवी घ्या. तुकडोजी महाराजांनी 41 अध्यायांची ग्रामगीता ओवीत लिहिली, तुम्हाला दहा वर्षं होत नाहीत? बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, ओवी सैल असते, अक्षरांचा धरबंद नसतो. ह्यांना सैल दिली तर हे फवारणीचं वेळापत्रकही कवितेत घालतील. मला शाळेतलं भुजंगप्रयात आठवत होतं, पण त्यात बारा अक्षरं आणि प्रत्येकाचं लघु-गुरू ठरलेलं. पोरीच्या आठवणी काही यगणाच्या चालीनं चालत नाहीत.

शेवटी मोठा अभंग ठरला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. खरं कारण वेगळंच होतं. पोरीला घरात सगळे लाडूबाई म्हणतात. ला, डू, बा, ई. चौथा चरण आयता मिळाला. दहा कडव्यांचे चाळीस चरण, त्यातले दहा फुकटात. दुकानदाराला यापेक्षा काय पाहिजे?

मग वर्षं लावायला बसलो. ती जन्मली 2015 च्या दिवाळीनंतर. पहिला वाढदिवस आला 2016 च्या नोव्हेंबरात. आता पहिला वाढदिवस ही पहिल्या वर्षाची आठवण की दुसऱ्या? बायको म्हणे, केक कापला तेव्हा वर्ष पुरं झालं, म्हणून पहिल्याची. मी म्हणे, केक पोटात गेला तेव्हा दुसरं लागलं होतं. यावर एक संध्याकाळ गेली. पण तो वाढदिवस सोडवतही नव्हता, कारण आठ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे पाहुणे जमले. एरवी एकावन्न रुपयांवर भागवणाऱ्या नातेवाइकांनी त्या दिवशी जे औदार्य दाखवलं, ते आमच्या खानदानात आधी कोणी पाहिलं नव्हतं. पाकीट उघडावं तर जुनी पाचशेची. मी लगेच लिहिलं:

पहिल्या वर्षाले
जुन्या नोटा आल्या
बँकेत त्या गेल्या
लाडूबाई

बायकोनं वाचलं आणि विचारलं, "कर्ता कोण?"

"कशाचा?"

"वाक्याचा. आल्या कोण? नोटा. गेल्या कोण? नोटा. पोरगी शेवटी नुसती आहेर घेऊन बसली आहे."

तिथून तिनं दंडक घातला: प्रत्येक कडव्यात काहीतरी करणारी पोरगी पाहिजे. आईबापांनी पोरावर लिहिलेल्या कविता बहुतेक याच जागी घसरतात. आम्ही किती जागलो, आमचे डोळे कसे भरले, आम्हाला कसं वाटलं, आणि ज्याचा वाढदिवस ते लेकरू कर्मकारकात. तिनं माझ्या कच्च्या कागदावर प्रत्येक कर्त्याखाली रेघ मारली तेव्हा 'आम्ही' सगळ्यात जास्त निघाले.

पण पोरीला कर्ता केलं की दुसरी अडचण उभी राहते, आणि ती व्याकरणाची आहे. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की कर्त्याला 'नं' चिकटतो. नोट कोणी खाल्ली? लाडूबाईनं. झाली पाच अक्षरं, फुटला चौथा चरण. म्हणून दहाही वर्षं वर्तमानकाळात आणावी लागली:

पाचशेची नोट
घेते ती हातात
घालते तोंडात
लाडूबाई

हे खरंही होतं. त्या नोटेचा एक कोपरा गेला होता, आणि ती बँकेत भरताना खिडकीपलीकडच्या साहेबाला कारण काय सांगावं हे रांगेत उभं राहून मी बराच वेळ पाठ करत होतो.

दुसऱ्या वर्षाची आठवण सगळ्यांना एकच होती, पण ती दुसऱ्याच वर्षाची आहे का यावर वाद. आबा साल पिकावरून सांगतात. "ज्या सालात बोंडअळी आली ना बापा, त्याच सालात पोट्टी बोलाले लागली." गुलाबी बोंडअळीनं आमच्याकडचा कापूस खाल्ला तो 2017 चा हंगाम. बायकोनं लसीकरणाचं कार्ड काढलं. दीड वर्षाच्या डोसाची तारीख उन्हाळ्यातली होती, आणि तो डोस द्यायला आलेल्या ताईंना पोरगी काय म्हणाली हे गल्लीला ठाऊक आहे. म्हणजे बोंडअळीच्या आधीच ती बोलत होती. फोटो नव्हता, कारण तो फोन नंतर पाण्याच्या टाक्यात पडला. ज्यांना अशी कविता करायची असेल त्यांना सांगतो, फोनवर विसंबू नका, लसीचं कार्ड जपा. पहिल्या दोन वर्षांचा खरा बखरकार तोच.

'हाड हाड' म्हणे
आधी ती कुत्र्याले
मग ती मामाले
लाडूबाई

इथं वऱ्हाडी कामी आली. 'कुत्र्याला' आणि 'कुत्र्याले' अक्षरांना सारखेच, पण 'माझ्याजवळ'ची पाच अक्षरं 'माह्यापाशी' म्हटलं की चार होतात. मामा मात्र अजून विचारतात, "माह्या जागी काकाले टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?" काही बिघडलं नसतं, 'काका'चीही दोनच अक्षरं. पण हाड मामालाच म्हटलं होतं.

तिसऱ्या वर्षी कौंडण्यपूरच्या यात्रेत वर्धेच्या काठावर ती फुग्यासाठी वाळूत लोळली, सहाव्या वर्षी शाळा फोनवर भरली, आठव्यात सायकल आली आणि सायकलीबरोबर गुडघा आला. ही कडवी सरळ झाली, त्यांचं कौतुक नको. पाचव्या वर्षाला तर शोधावंच लागलं नाही. 2020 साल, सगळं बंद. पोळा घरातल्या घरात, आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळाही दारातच. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, तान्हा पोळा हा पोरांचा पोळा. लाकडाचा नंदी सजवून पोरं दोरीनं ओढत घरोघर नेतात आणि बोजारा गोळा करतात.

लाकडाचा नंदी
दोरीनं ओढते
मास्क बी बांधते
लाडूबाई

नंदीला मास्क आणि स्वतःला नाही, हे कडव्यात बसलं नाही.

खरं भांडण झालं ते सातव्या वर्षावर. मोझरीला दरवर्षी महाराजांची पुण्यतिथी होते. 11 ऑक्टोबर 1968 ला दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी ते गेले, त्या वेळेला तिथे जमलेला अफाट जनसमुदाय उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. कोरोनानंतर, 2022 ला, आबा नातीला घेऊन गेले. एवढी माणसं आणि पान हललेलं ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत आमच्या पोरीचा आवाज: "आबा, झालं का वो?"

चारअठ्ठावन
सारे उभे मौन
'झालं का वो?' कोण?
लाडूबाई

आबांनी हे कडवं काढून टाका म्हणून हट्ट धरला. मंडळात तोंड दाखवायची सोय राहणार नाही म्हणाले. बायकोचा आक्षेप निराळा: 'मौन' आणि 'कोण' हे यमक नाही, एकात न, एकात ण. ण हे अक्षर ऐकल्यावर आबांची बाजूच बदलली. "आपल्याकडं कोन म्हनते कोन कोण?" असं विचारून त्यांनी खंजिरीवर ते कडवं म्हणूनच दाखवलं. यमक बसलं. कडवं राहिलं. भाषेचा अभिमान धर्मसंकटावर मात करतो, तो असा.

चौथ्या वर्षाचं कडवं मात्र आमचं नाही. आम्ही एस.टी.तल्या ओल्या सीटबद्दल लिहिलं होतं. पोरीला कागद सापडला. तिनं ते कडवं पेनानं असं खोडलं की खालच्या पानापर्यंत छापा उमटला. मैत्रिणींसमोर हे वाचणार होते का, एवढंच विचारलं. दहा वर्षांच्या माणसाला आपल्या चौथ्या वर्षावर हक्क असतो, हे मान्य करावंच लागलं. मग तिनं स्वतः लिहून दिलं:

स्लॅबवर बाबा
भुताले भेतात
पांघरूण घेतात
लाडूबाई

लाईट गेली म्हणून आम्ही गच्चीवर झोपलो होतो आणि मी भुताची गोष्ट सांगता सांगता स्वतःच गप्प झालो होतो, असं ती सांगते. आम्हा दोघांनाही हे आठवत नाही. कर्ता पोरगी नाही, तिसऱ्या चरणात सात अक्षरं. बायकोनं बोटांवर मोजलं, माझ्याकडे पाहिलं आणि लाल पेनाचं टोपण लावलं. आबा म्हणाले, म्हणताना 'पांघरून' झटक्यात घेतलं की सातवं अक्षर खंजिरीच्या थापेत जिरतं. खरंच जिरतं.

राहिली मुद्रा. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव पाहिजे. 'आई-बाबा म्हणे' अशी सहा अक्षरं मी मोठ्या आनंदानं मांडली. बायको म्हणाली, कर्ते दोन आणि क्रियापद एकवचनी? 'म्हणती' केलं की अक्षरं सात. 'मायबाप' घेऊनही तोच घोळ. शेवटी तिनंच सोडवलं:

माय म्हणे बापा
पुरे झालं आता
दहा वर्षं गाता
लाडूबाई

म्हणजे म्हणणारी माय. बाप फक्त हाकेपुरता, आणि तीही हाक की नुसता वऱ्हाडी उद्गार हे कोणाला सांगता येणार नाही. मला हरकत घ्यायची होती, पण अक्षरं बरोबर सहा होती.

वाढदिवसाला आबांनी खंजिरीवर सगळी दहा कडवी म्हटली. मामा दुसऱ्या कडव्याला बाहेर जाऊन आले. धाकट्याला आता चौथं वर्ष लागलं आहे, आणि त्याच्यासाठी कधी लिहिता म्हणून विचारणा सुरू झाली आहे. त्याला घरात सगळे भोपळ्या म्हणतात. अक्षरं तीनच होतात.