देणार नाही, तर

रायपूरच्या आमच्या तात्यापाऱ्यात येणारा रस्ता आमापाऱ्याच्या बाजूनं ऐसपैस येतो आणि चौक ओलांडून शारदा चौकाकडे निघाला की आवळतो. रुंदीकरणाची चर्चा कित्येक वर्षं ऐकतोय. अर्धा रस्ता रुंद आणि अर्धा अरुंद असला की काय होतं, हे संध्याकाळी सहा वाजता चौकात उभं राहिलं की कळतं. गाड्या मोठ्या विश्वासानं येतात आणि एकदम एकमेकींच्या अंगावर थबकतात.

हीच गोष्ट वाक्याची होते, हे मला कळायला मात्र कोजागिरीची सूचना लिहावी लागली.

सूचना लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं ते अक्षरामुळे. व्याकरणाचा त्यात काही संबंध नव्हता. गल्लीतल्या मंडळाच्या फळ्यावर मी खडूनं, सुवाच्य, दोन ओळींत लिहिलं:

‘या वर्षी मंडळ केवळ मुलांना बक्षिसे देणार नाही,
तर ज्येष्ठांचा सत्कारही करणार आहे.’

अर्ध्या तासात दारात पाच मुलं. सगळ्यांत धीट होती ती म्हणाली, “आजोबा, आम्हाला बक्षिसं का नाही देणार? आणि केवळ आम्हालाच?”

तिनं पहिली ओळ वाचली होती. दुसरीत तिच्या कामाचं काही नव्हतं, म्हणून तिथं ती थांबली नव्हती. मी तिला समजावून सांगितलं की बाळ, ‘केवळ’ पाहिलंस की पुढे ‘तर’ येईपर्यंत वाट पाहायची असते. ती म्हणाली, “मग आधीच सांगायचं ना.”

पोरीचं म्हणणं बरोबर होतं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ‘नाही’ त्याच्याही मागे. त्यामुळे ‘केवळ’नं उघडलेलं दार ‘नाही’पाशी येऊन धाडकन बंद झाल्यासारखं वाटतं, आणि ‘तर’ बाहेरच कडी वाजवत राहतो. फळ्यावर ओळ नेमकी तिथंच तुटली तर विचारूच नका. त्यातून ‘नाही’ आणि ‘तर’ यांच्यामधली जागा पुसली गेली की होतं ‘नाहीतर’. तो तर वेगळाच गृहस्थ: विकल्प तरी देतो, धमकी तरी.

संध्याकाळी शेजारच्या ताई आल्या. चाळीस वर्षं मुलांना मराठी शिकवलं, आता नातवंडांना शिकवायचा प्रयत्न करतात. त्यांनी खडू उचलला आणि काही न पुसता माझ्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. एक ‘मुलांना बक्षिसे देणार’खाली, दुसरी ‘ज्येष्ठांचा सत्कार करणार’खाली.

“काका, ‘केवळ’ कुणाला चिकटवलाय तुम्ही? मुलांना, बक्षिसांना, की देण्याला?”

मी वाक्याकडे पाहिलं. ‘केवळ’ मुलांच्या शेजारी उभा होता, म्हणजे जोडी मुलांची आणि ज्येष्ठांची. पण पुढचा ‘ही’ सत्काराला जाऊन लागला होता, म्हणजे जोडी बक्षिसांची आणि सत्काराची. एक टोक उंच खुंटीला, दुसरं भलत्याच बुटक्या खुंटीला. अशा दोरीवर धोतर वाळत घातलं तर ते जमिनीवरच लोळणार.

ताईंची रीत सोपी आहे. जोडीतल्या दोन्ही बाजूंना जे सामाईक आहे ते उघडं ठेवायचं, आणि एक बाजू बोटानं झाकून दुसरी त्याला लावून मोठ्यानं वाचायची, मग उलट. दोन्ही बसल्या तर वाक्य ठीक. एक बसली आणि एक लोंबकळली, तर तिथं दुरुस्ती. माझ्या वाक्यात सामाईक होतं फक्त ‘या वर्षी मंडळ’. बाकी सगळं वेगळं: ‘मुलांना बक्षिसे देणार’, ‘ज्येष्ठांचा सत्कार करणार’. अशा वेळी ‘केवळ’ एकट्या मुलांच्या खांद्यावर ठेवून भागत नाही.

मग उपाय दोन. बक्षिसं दोघांनाही द्यायची असतील, तर नकार क्रियापदापासून सोडवून नामाजवळ आणायचा: ‘मंडळ केवळ मुलांनाच नव्हे, तर ज्येष्ठांनाही बक्षिसे देणार आहे.’ इथं ‘मुलांना’ आणि ‘ज्येष्ठांना’ दोघं एकाच विभक्तीत, एकाला ‘च’, एकाला ‘ही’, आणि ‘देणार आहे’ दोघांचं मिळून एकच. ओळ कुठंही तुटली तरी पोरं दारात येत नाहीत. पण आम्हाला ज्येष्ठांना बक्षिसं द्यायची नव्हती. शाल आणि श्रीफळच आणलं होतं. मग दुसरा उपाय, आणि तो अस्सल घरचा: ‘मुलांना बक्षिसे मिळतीलच, शिवाय ज्येष्ठांचा सत्कारही होईल.’ नकार नाही, म्हणून गैरसमजही नाही. ‘च’नं पहिलं पक्कं केलं, ‘शिवाय’नं दुसऱ्याला हात दिला, ‘ही’नं त्याला आत बसवलं. ‘च’ आणि ‘ही’ ही बारकी अक्षरं शब्दाच्या मागे चिकटतात आणि जिथं चिकटतात तिथंच बोट दाखवतात. बोट चुकलं की वाक्य चुकलं.

मी पुसून तसं लिहिलं. ताई खालच्या सूचनांकडे वळल्या. त्या मी गेल्या वर्षीच्या कागदावरून उतरवल्या होत्या, म्हणून निर्धास्त होतो.

‘सभासदांनी वेळेवर यावे, पादत्राणे रांगेत ठेवा, मोबाइल बंद ठेवणे, व दूध संपवून जाएं.’

शेवटचं ‘जाएं’ हे रायपूरचं. तिथं माझा हात आपोआप हिंदी झाला होता, ते मी मान्य केलं. बाकीचं काय चुकलं?

“चार वाक्यांत तुम्ही चार माणसं झालात, काका,” ताई म्हणाल्या.

खरंच होतं. ‘सभासदांनी यावे’ म्हणणारा हात जोडून उभा आहे आणि सभासदांविषयी अदबीनं बोलतोय. ‘ठेवा’ म्हणणारा एकदम समोर येऊन हुकूम सोडतो. ‘ठेवणे’ म्हणणारा कुणाशीच बोलत नाही, तो रजिस्टरमध्ये नोंद करतोय. आणि ‘जाएं’ म्हणणारा रेल्वे स्टेशनवर कर्णा घेऊन उभा आहे. यादीतल्या कलमांचं रूप बदललं की नुसतं व्याकरण बिघडत नाही, सांगणाऱ्याचं ऐकणाऱ्याशी असलेलं नातंही मध्येच बदलतं. शिवाय ‘सभासदांनी’ हा सुरुवातीचा शब्द फक्त ‘यावे’ला लागतो. ‘सभासदांनी ठेवा’ असं कुणी म्हणत नाही. ताईंची बोटाची परीक्षा इथंही चालली. ‘सभासदांनी’ उघडा ठेवला आणि प्रत्येक कलम त्याला लावलं: ‘वेळेवर यावे, पादत्राणे रांगेत ठेवावीत, मोबाइल बंद ठेवावा व दूध संपवून जावे.’ पादत्राणे अनेक म्हणून ‘ठेवावीत’, मोबाइल एक म्हणून ‘ठेवावा’. क्रियापदाचा साचा एकच ठेवायचा, लिंग-वचन मात्र ज्याचं त्याला द्यायचं.

हे जमायला आमच्या लोकांना जरा जड जातं, त्याचंही कारण आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथं आलेली मराठी घरं. घरात मराठी, दारात छत्तीसगढ़ी, बाजारात हिंदी. ‘पारा’ हा आमच्या वस्तीच्या नावातला शब्दच मुळी मराठी नाही. माधवराव सप्रे घरचे मराठी. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं आणि ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. त्यांच्याकडे दोन भाषांच्या गाड्या आपापल्या चाकोरीतून गेल्या. आमच्याकडे एका गाडीचं चाक दुसरीला लागतं.

उदाहरण माझ्याच घरचं. एका लग्नाहून आल्यावर मी म्हणालो, “ना तर चहा मिळाला नाही, ना ही पोहा.” यात हिंदीचा ‘न तो’ भाषांतर होऊन ‘ना तर’ झाला आहे, ‘ना ही’ जशाचा तसा आला आहे, आणि पोहे एकवचनी झाले आहेत. त्यावर ‘ना’ असताना पुन्हा ‘नाही’. मराठीत ‘ना’नं नकाराचं ओझं एकदा उचललं की क्रियापदानं हात रिकामे ठेवायचे: ‘ना चहा मिळाला, ना पोहे.’ दुसरं ‘मिळाले’ गिळलं तरी कान ते भरून घेतो. पण क्रियापद शेवटी एकदाच ठेवलं तर ते जवळच्याचं ऐकतं: ‘ना चहा ना पोहे मिळाले.’ आणि दोन्ही ‘ना’ आपापल्या वस्तूला टेकून हवेत. ‘तू ना चहा घेतलास ना पोहे’ असं म्हटलं, तर पहिला ‘ना’ ‘तू’ला जाऊन चिकटतो आणि तक्रारीचा लाड होतो. (नवीन लग्न झालेल्यांनी हवं तर तसंच ठेवावं.)

गंमत म्हणजे तोल सांभाळण्याचं हे शिक्षण आपल्याला शाळेच्या आधीच झालेलं असतं. ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.’ दोन कर्ते, दोन कृती, दोन्ही नकार एकाच जागी. ‘असून अडचण, नसून खोळंबा.’ ‘धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.’ इथं कुणी ‘धरलं तर चावतं आणि सोडण्याने पळून जाणे’ म्हणून दाखवावं. निरक्षर आजीसुद्धा काठी उगारेल. तीच आजी शिकून सचिव झाली की मात्र लिहिते, ‘वर्गणी भरावी, व पावती घेणे.’

म्हणून मी काही काळ सगळंच समान करत सुटलो. ताईंनी तेही थांबवलं. कलमं मुळात एका जातीची नसतील तर त्यांना एका साच्यात कोंबू नये, यादी मोडून दोन वाक्यं करावीत. आणि ‘आमच्याकडे पाहुणे, पाऊस आणि पोटदुखी न सांगता येतात’ असं कुणी मुद्दाम म्हटलं तर त्याला हात लावू नये. तिथं ‘न सांगता येतात’ तिघांनाही नीट लागतं, हसू येतं ते तिघं एका बाकावर बसल्याचं.

सूचना झाली. खडूची धूळ झटकत घरी आलो, तर टेबलावर चिठ्ठी: ‘एकतर दळण आणा, भाजी, आणि गॅसवाल्याला फोन.’ ‘एकतर’ म्हटल्यावर मी ‘नाहीतर’ शोधू लागलो. तो नव्हता. दळण आणायचं, भाजी नुसतीच असायची, आणि फोन कुणी करायचा ते अध्याहृत. मी खिशातून पेन काढलं. ‘भाजी’पुढे ‘घ्या’ लिहिलं, ‘फोन’पुढे ‘करा’, आणि ‘एकतर’खाली रेघ मारून विचारलं, “अहो, याचा जोडीदार कुठं आहे?”

स्वयंपाकघरातून उत्तर आलं, “एकतर सकाळपासून त्या फळ्यापाशी, त्यात आता माझी चिठ्ठी तपासताय!”

‘एकतर’, ‘त्यात’. दोन्ही बाजू भक्कम, मधे कुठं फट नाही. मी दळणाचा डबा उचलला.