नाक्याच्या राजाची आरती: नवकवींसाठी मार्गदर्शिका

मंडळाच्या बैठकीत ‘यंदा आपल्या राजाची स्वतःची आरती हवी’ असा ठराव झाला आणि तुम्ही शाळेत एकदा कविता केल्याचं कुणाला तरी आठवलं, की तुमची सुटका नाही. नवी चाल लावायला जाऊ नका, गर्दी ती शिकणार नाही. रामदासांच्या गणपतीच्या आरतीची चाल घ्या, ती झोपेतही येते. ध्रुपदाला तर हातच लावू नका. तेवढंच सगळे खणखणीत म्हणणार आहेत.

आता मात्रा मोजा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. ऱ्हस्वापुढे जोडाक्षराचा आघात आला, तर त्याच्याही दोन. या चालीची पहिली ओळ म्हणताना 22 मात्रांची भरते: सहा, सहा, मग दहा. चारही ओळींचं यमक एकच. त्या मापात आपलं असं बसतं:

नाक्यावर बसलासी मांडव घालूनी ।
रिक्षाही वळती रे गल्ली बदलूनी ॥

तिसरी ओळ हमखास अशी सुचते: ‘दारोदारी फिरलो पुस्तक घेऊनी’. मोजली तर 22 भरतात, म्हणून कवी खूश. पण टाळ घेऊन म्हणून बघा. सहावी मात्रा ‘दारोदा’वर संपते आणि उरलेली ‘री’ पुढच्या ठेक्यात एकटी जाऊन पडते. शब्द सहाव्या मात्रेला संपला पाहिजे. म्हणून:

वर्गणिला फिरलो रे पुस्तक घेऊनी ।
खड्डा हा बुजवी तू देवा येऊनी ॥

‘वर्गणी’तली णी इथे ऱ्हस्व केली आहे. कवीला तेवढी मुभा असते. ‘रे’ मात्र दोनदा झाला, तिसऱ्यांदा आला तर लोक ओळखतील की शब्द संपले.

मात्रा कमी पडल्या तर घाबरू नका, रामदासांच्याही सगळ्या ओळी 22 भरत नाहीत. कमी पडलेलं अक्षर लोक सवयीने लांबवतात. जास्त झालेलं मात्र गिळतात, आणि कुठलं गिळायचं यावर एकमत नसल्याने तिथे गलका होतो. टाळ पुढे, आरती मागे असं झालं की समजा, त्या ओळीत एखादी मात्रा जास्त आहे. तपासणीला पोरं बसवा. मोठी माणसं भिडेखातर सांभाळून घेतात.

शेवटच्या कडव्यात नाव घालायची संतांची रीत आहे. नामदेव ‘नामा’ म्हणून येतात, रामदास ‘दास’ म्हणून. तुमच्याकडे तिथे रांग लागेल. वाद घालू नका, मात्रा दाखवा. ‘नगरसेवक’ सात मात्रांचा, बसत नाही. ‘खजिनदार’ बरोब्बर सहाचा. छपाईचं बिल कोण देणार आहे, तेवढं मात्र आधी विचारून घ्या. बिल नगरसेवक देणार असतील, तर ‘सेवक’ चार आणि ‘हा’ दोन.