फट नसलेलं दार

आमच्या वरच्या मजल्यावरचे बापू बँकेतून निवृत्त झाले, पण बँकेची स्ट्राँगरूम काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. एक किल्ली मॅनेजरकडे, एक कॅशियरकडे, दोघं समोर उभे असल्याशिवाय दार हलायचं नाही. या जॉइंट कस्टडीत उमेदीची वर्षं गेलेला माणूस. त्यामुळे फ्लॅटच्या दाराकडेही ते आल्यागेल्याचं स्वागत करायची जागा म्हणून बघत नाहीत. दार म्हणजे ज्याला फट असता कामा नये ती वस्तू.

तर अशा बापूंच्या मुलाने त्यांना ब्लूटूथचं स्मार्ट कुलूप पाठवलं. बसवायला कारागीर आला, भोकं पाडून, चार पेन्सिल सेल घालून गेला. फोनशी जोडणी मात्र बापूंनी त्याला करू दिली नाही. "परक्या माणसासमोर?" असं म्हणून त्यांनी त्याला चहा पाजून जिन्यापर्यंत पोचवलं आणि मग मला साक्षीदार म्हणून वर बोलावलं.

पहिला अर्धा तास आम्ही चुकीच्या दारात उभे होतो. बापू फोनच्या सेटिंगमधल्या ब्लूटूथच्या यादीत कुलूप शोधत होते. तिथे शेजारच्या पोराचा स्पीकर दिसला, कुणाचे तरी इअरबड दिसले, कुलूप काही दिसेना. असली कुलपं बहुधा तिथून जोडायची नसतातच, त्यांच्या ॲपमधूनच जोडायची असतात. शिवाय सेल वाचवायला कुलूप एरवी झोपलेलं असतं. आकड्यांच्या पट्टीवर तळवा टेकवला की ते जागं होतं, आकडे उजळतात, आणि त्या काही सेकंदांतच ॲपने त्याला गाठायचं असतं. बापू तळवा टेकवायचे, मग चष्मा शोधायचे, तोवर कुलूप पुन्हा झोपायचं.

मग ॲपने लोकेशनची परवानगी मागितली. बापू भडकले. "कुलूप माझ्या दाराला आहे, मी दारात उभा आहे, आणि याला विचारायचंय मी कुठे आहे?" मी समजावलं, की तुमचा फोन जुना आहे. जुन्या अँड्रॉइडमध्ये आसपासची ब्लूटूथ उपकरणं हुडकायची तर ही परवानगी द्यावीच लागते, पुढच्या आवृत्त्यांत ती वेगळी केली. बापूंनी परवानगी दिली, पण शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यावी तशी, परत मागायच्या बोलीवर.

कुलूप जोडलं गेलं. 'टिंग' झालं. आता खरं काम सुरू झालं, ते म्हणजे फटी बुजवण्याचं.

कुलपाला उघडायच्या बऱ्याच वाटा होत्या. बोटाचा ठसा, कार्ड, आकडे, फोन आणि एका झाकणाखाली लपवलेली साधी किल्ली. बापूंनी एकेक वाट तपासली. ठसा? वहिनींची बोटं भांड्याधुण्याने इतकी गुळगुळीत झालीत की सेन्सर त्यांना ओळखतच नव्हता. तेव्हा समान न्याय म्हणून स्वतःचाही ठसा त्यांनी पुसून टाकला. कार्ड हरवतं, म्हणून गेलं कपाटात. आकडे कुणीतरी मागून बघतं. खऱ्या आकड्यांच्या मागेपुढे वाटेल ते आकडे दाबले तरी कुलूप मधला खरा नंबर ओळखतं, ही सोय मी मोठ्या कौतुकाने सांगितली. बापू म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलायचं आणि कुलपाने खरं ऐकायचं? नको." मुख्य पासवर्ड ॲपने स्वतःच तयार केला होता. तो बापूंनी कुणाला कळू नये म्हणून पाठही केला नाही, त्याचा स्क्रीनशॉट काढून फोनमध्ये ठेवला. आणि साधी किल्ली? ती वॉरंटीकार्डासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घरातल्या गोदरेजच्या कपाटात.

"आता एकच वाट," बापू म्हणाले. "फोन."

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या डाळिंब सोलत होत्या.

पुढे वहिनी भाचीच्या लग्नाला नाशिकला गेल्या आणि त्याच संध्याकाळी बापू मंडईतून पिशवी घेऊन आले. फोन बारा टक्के दाखवत होता. जुन्या बॅटरीचा बारा टक्क्यांवरही भरवसा नसतो. जरा जास्त भार आला की तिचा दाब एकदम खाली बसतो आणि फोन मान टाकतो. बापूंनी दारात उभं राहून ॲप उघडलं, पडदा उजळला आणि काळा झाला.

बातमी जिन्याने खाली यायला वेळ लागला नाही. सेक्रेटरी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊन धावत आले. कुलपाच्या बुडाशी दोन धातूचे ठिपके असतात, त्यांना ही बॅटरी लावली की मेलेलं कुलूप जिवंत होतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं खरंच होतं. पण ती सोय कुलपाचे सेल संपले तर. इथे कुलूप ठणठणीत होतं, मेला होता तो फोन. बॅटरी लावल्यावर आकडे उजळले, सगळ्यांनी "आलं, आलं" केलं, आणि कुलूप शांतपणे नंबर मागू लागलं. कुणाच्या तरी उत्साही मुलाने चार-पाच वेळा अंदाजपंचे नंबर दाबले. तेव्हा कुलपाने रुसून काही मिनिटांसाठी आकडेच बंद केले. बापूंच्या चेहऱ्यावर त्या स्थितीतही क्षणभर समाधान दिसलं. "बघा, कसं पक्कं आहे!"

मी सुचवलं, माझ्या फोनवर तेच ॲप घेऊ, तुमच्या खात्याने आत शिरू, तुमचं कुलूप तिथे दिसेल. खातं उघडलं. पासवर्ड बापूंच्या फोनने लक्षात ठेवला होता, बापूंनी नाही. 'विसरलात का' वर बोट ठेवलं, तर ओटीपी गेला बापूंच्या नंबरवर, म्हणजे त्याच मेलेल्या फोनमध्ये. मग सिमकार्ड काढायचं ठरलं. ते काढायची पिन कपाटात, म्हणून सेक्रेटरींनी सेफ्टी पिन आणली. ती जाड निघाली. शेवटी कुणीतरी कानातल्याची तार दिली. सिम एकदाचं बाहेर आलं, ते मंडईच्या पिशवीतल्या मेथीत पडलं, आणि जिन्यातल्या दिव्याखाली बसून आम्ही ती जुडी निवडू लागलो.

या गडबडीत समोरच्या सूनबाईंनी बापूंचा रिकामा फोन उचलून आपल्या घरात चार्जरला लावला होता. मेथी निवडून व्हायच्या आत तो सुरू झाला. "अहो, त्यात सिम नाही, नेट नाही!" बापू ओरडले. पण या ॲपला कुलूप उघडताना दोन्ही लागत नव्हतं. डिजिटल किल्ली फोनमध्येच होती आणि कुलपाशी बोलणं ब्लूटूथवर, चार पावलांवरून. सूनबाईंनी चार्जर काढून फोन बापूंच्या हातात दिला, त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि 'टिंग' झालं. सिम नंतर पेंडीच्या दोऱ्यात अडकलेलं सापडलं.

रात्री आमची ही नाटक बघून आली. मी सगळी कथा रंगवून सांगितली. ती म्हणाली, "मला फोन करायचा की. त्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या ना, एक वहिनींनी पहिल्याच दिवशी आपल्याकडे ठेवलीय. साबुदाण्याच्या डब्यात."

मी किल्ली घेऊन वर गेलो. बापूंनी लगेच नाशिकला फोन लावला, स्पीकरवर. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुमच्या बँकेच्या डुप्लिकेट किल्ल्या कुठे असायच्या? दुसऱ्या शाखेतच ना? आपली शाखा खालच्या मजल्यावर आहे."

बापूंनी किल्ली उजेडात धरून बघितली, दारात घालून फिरवून बघितली. ती व्यवस्थित फिरली. मग माझ्याकडे वळून ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे इतके दिवस फट होती!"