ठिपका कुठे द्यावा : अगदी नवशिक्यांसाठी

साहित्य : एक संगणक, दोन हात, असल्यास चष्मा, आणि आपण लिहिलेलं पुन्हा वाचून पाहण्याची तयारी. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, पण तिच्यावाचून फारसं कुणाचं अडलेलं दिसत नाही.

कळफलक इनस्क्रिप्ट धरू. मराठीचा हा सरकारमान्य कळफलक विंडोजमध्ये आधीपासून असतो. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला येतात. आपल्याला हव्या असलेल्या चार वस्तू अशा ठेवल्या आहेत : X वर अनुस्वार, शिफ्ट धरून X वर चंद्रबिंदू, शिफ्ट धरून N वर ळ, आणि वरच्या ओळीत शून्याच्या शेजारी जी आडवी रेघ आहे तिच्यावर शिफ्टसह विसर्ग. एवढं पाठ झालं की चुका करायला आपण मोकळे.

सरावासाठी हे वाक्य घ्या : बाळूने स्वतःच्या मळ्यातला कांदा विकून आलेले पैसे बँकेत ठेवले. चारही मंडळी त्यात हजर आहेत.

पहिला ‘बाळू’. ब साठी Y, काना E, मग शिफ्ट-N, मग दीर्घ ऊकार T. इथे घाई करा, म्हणजे बोट एक घर डावीकडे जाईल आणि शिफ्ट-B दाबली जाईल. पडद्यावर येईल ‘बाऴू’. नीट पाहा, ळ च्या पायाशी एक टिंब आहे. हे अक्षर तमिळमधल्या एका वेगळ्या वर्णासाठी आहे, ‘तमिऴ’ हा शब्द नागरीत नेमका लिहायचा तर ते लागतं. आपला बाळू मात्र तमिळ नाही. बारा पॉइंटच्या छपाईत, त्यातून खाली ऊकार असताना, ते टिंब कुणाला दिसत नाही. दिसतं ते यादीत ‘बाळू’ शोधायला गेल्यावर. संगणक शांतपणे सांगतो की या नावाचा माणूस नाही.

शिफ्ट दाबायचीच राहिली तर ळ चा ल होतो. ही चूक कुणी मनावर घेत नाही, कारण शब्द वाचता येतो. पण ‘बाळूने मळा विकला’ आणि ‘बाळूने मला विकला’ यांत फरक एका कळीचाच आहे. दुसऱ्या वाक्यानंतर पोलीस येतात.

आता ‘कांदा’. K, E, X, O, E. इथे हाताने लिहिण्याची सवय आडवी येते. कागदावर आधी ठिपका द्या किंवा आधी काना ओढा, कागद तक्रार करत नाही. संगणकाला मात्र आधी काना, वेलांटी, मात्रा जे काय असेल ते हवं आणि ठिपका सगळ्यांत शेवटी. उलट केलंत तर बहुधा कान्याच्या डावीकडे ठिपक्याठिपक्यांचं एक वर्तुळ उगवतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ते वर्तुळ ‘डिझाइन’ समजून लग्नपत्रिकेत तसंच राहू दिलं होतं. ते वर्तुळ म्हणजे ‘या चिन्हाला बसायला अक्षर मिळालेलं नाही’ अशी नोटीस असते.

हीच नोटीस विसर्ग ओळखायला कामी येते. ‘स्वतः’ मध्ये M, D, B, L आणि मग शिफ्टसह आडवी रेघ, एवढ्या कळा आहेत. पण असंख्य लोक इथे इंग्रजी कोलन ठेवून देतात : ‘स्वत:’. दोन टिंबं, एकावर एक, अजून काय हवं? संशय आला तर ती दोन टिंबं तेवढी उचलून रिकाम्या ओळीवर चिकटवा. खरा विसर्ग एकटा राहू शकत नाही, बहुतेक ठिकाणी तो लगेच वर्तुळ मागतो. कोलन मात्र खुशाल एकटा उभा राहतो. वर्ड वापरत असाल तर टिंबांच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट-X दाबा. विसर्ग असेल तर 0903 दिसेल, कोलन असेल तर 003A. पुन्हा ऑल्ट-X दाबलं की टिंबं परत येतात.

गंमत पुढेच आहे. इनस्क्रिप्टवर जिथे कोलन असायला हवा त्या कळीवर च आणि छ बसले आहेत. म्हणजे कोलन हवा असेल तर इंग्रजीवर जा, दाबा, मराठीवर परत या. एवढा प्रवास कोण करतो? म्हणून इनस्क्रिप्टवाले कोलनच्या जागी विसर्ग ठोकतात, आणि अर्जाच्या माथ्यावर ‘विषयः’, ‘संदर्भः’, ‘दिनांकः’ अशी शुद्ध संस्कृत प्रथमा विभक्ती अवतरते. तर मराठीत दुःखाला कोलन लागतो आणि विषयाला विसर्ग. दोघांनी आपसात बदली करून घेतली तर प्रश्न सुटेल, पण बदलीचा अर्ज करायचा तर त्यातही ‘विषयः’ आलाच.

उरली ‘बँक’, आणि इथे मात्र जरा बसा.

हिंदीत चंद्रबिंदू नाकातल्या उच्चारासाठी असतो, ‘माँ’, ‘हूँ’ वगैरे. मराठीत आपण त्याला इंग्रजी शब्दांच्या नोकरीला लावलं. ‘बॅट’मधला चंद्र आणि वर अनुस्वार, दोन्ही मिळून जे चित्र होतं ते नेमकं चंद्रबिंदूसारखं दिसतं. त्यामुळे ‘बँक’ दोन रीतींनी तयार होते. पहिली : Y, शिफ्ट-X, K. दुसरी : Y, शिफ्ट-2 चा चंद्र, X चा अनुस्वार, K. बहुतेक फॉन्टांत दोन्ही अगदी जुळी भावंडं. संगणकाच्या लेखी मात्र पहिल्यात तीन चिन्हं आहेत, दुसऱ्यात चार, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरी सापडेलच असं नाही.

ओळखायचं कसं? कर्सर ‘बँ’च्या लगेच पुढे ठेवा आणि एकदाच बॅकस्पेस दाबा. चंद्र आणि ठिपका दोन्ही गेले, नुसता ब उरला, तर तो खरा चंद्रबिंदू होता. फक्त ठिपका गेला आणि ‘बॅ’ उरलं, तर जोडकाम होतं. ‘काँग्रेस’चंही तेच. काना आणि चंद्रबिंदू असेल तर बॅकस्पेसनंतर ‘का’ राहतो, नाहीतर ‘कॉ’.

बरोबर कोणतं? उच्चाराचा हिशेब लावला तर जोडकामाची बाजू कमकुवत नाही. ‘बॅट’ला चंद्र असतो तर ‘बँक’ला का नसावा? पण एका चिन्हाची रीत टंकायला सोपी आणि जास्त रूढ आहे, म्हणून मी तीच धरतो. तुम्ही दुसरी धरलीत तरी भांडणार नाही, फक्त एकाच मजकुरात दोन्ही नकोत. चारशे खातेदारांच्या यादीत अशा दोन ‘बँका’ झाल्या की मोजणी जुळत नाही, आणि रात्री आठ वाजता कुणीतरी पडद्याला नाक लावून दोन सारख्याच शब्दांकडे बघत बसतं. ते कुणीतरी बहुधा मीच असतो.

सरावाचं वाक्य पुरं झालं असेल तर आता त्यात ‘मुख्यतः’ घाला आणि पुढे एक कोलनही द्या. चार टिंबं आली पाहिजेत.