ऑइल वाढलंय, अभिनंदन!

आमच्या सोसायटीतल्या नानांची गाडी पेट्रोलची, पांढरी आणि अत्यंत सुखवस्तू आहे. दूध, बँक, मंदिर, भाजी हे तिचं विश्व, आणि त्यातलं काहीही दीड किलोमीटरच्या पलीकडे नाही. पायी गेलं तर गुडघे झिजतात, गाडीने गेलं तर पेट्रोल जळतं. नानांनी गुडघ्यांच्या बाजूने कौल दिला. मीही दिला असता.

डिसेंबरातल्या एका सकाळी नाना बॉनेट उघडून उभे होते. हातात ऑइलची पट्टी आणि चेहऱ्यावर मुदत ठेवीचा दर वाढल्याचं समाधान.

"अरे, लोकांच्या गाड्या ऑइल पितात. माझी देतेय! सर्व्हिसिंगला बरोब्बर वरच्या खुणेपर्यंत होतं, आता त्याच्याही वर गेलंय."

मी पट्टीचा वास घेतला. पेट्रोल पंपावर काच खाली केल्यावर येतो तसा. वापरलेल्या ऑइलला थोडा वास असतोच, त्यामुळे नाक हा काही पुरावा नव्हे. पण गाडी सपाट जागी होती, इंजिन थंड होतं, आणि पातळी खरोखरच वर होती. पाहुणे वाढले की आमटी वाढते तसं हे ऑइल वाढलं होतं, फक्त इथे पाण्याऐवजी पेट्रोल पडलं होतं.

"पण पेट्रोल तर टाकीत असतं!" नानांचा मुद्दा रास्त होता.

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. जळते ती वाफ, थेंब नव्हे. म्हणून गाडीचा संगणक सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो, म्हणजे त्यातलं निदान पुरेसं तरी पेट घेईल. उरलेलं सिलिंडरच्या गार भिंतींवर बसतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली चेंबरमधल्या ऑइलमध्ये उतरतं. इंजिन तापलं की हा उदारपणा थांबतो. पुढे ऑइल 90-100 अंशांपर्यंत तापलं, की आत उतरलेलं बरंचसं पेट्रोल वाफ होऊन ब्रीदरच्या नळीतून पुन्हा इंजिनात जातं आणि जळतं. हिशेब मिटतो.

नानांचा हिशेब कधीच मिटत नव्हता, कारण त्यांची गाडी तापायच्या आत बँक येते. पुण्यात कसली आलीय थंडी, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या-आमच्या दृष्टीने पुण्याचा उन्हाळा म्हणजे भट्टी, पण 90 अंशांवर काम करणाऱ्या इंजिनाला 35 अंशसुद्धा थंडच. शिवाय डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो. तो मध्यावर आला तरी ऑइल बरंच मागे रेंगाळत असतं.

खरी थंडी असेल तर प्रकरण फारच पुढे जातं. 2018 साली होंडाच्या 1.5 लिटर टर्बो सीआर-व्हीच्या इंजिनात ऑइल असंच वाढू लागलं, मुख्यतः चीनच्या गारठलेल्या उत्तर भागात. तिथे त्या गाडीची विक्री काही काळ थांबवावी लागली, आणि अमेरिकेत कंपनीने वॉरंटी वाढवून दिली. त्या इंजिनात पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरमध्येच मारतात. नानांच्या गाडीत तो आधीच्या नळीत मारला जातो, म्हणून त्यांचं पाप कमी.

किती कमी, ते आम्ही मोजलं. चेंबरमध्ये साडेतीन लिटर ऑइल. पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये एक लिटर मावतं आणि त्या खुणांत दोन सेंटिमीटरचं अंतर आहे, म्हणजे एक मिलिमीटर झाला 50 मिलिलिटरचा. पातळी साडेतीन मिलिमीटर वर होती. म्हणजे 175 मिलिलिटर, सुमारे पाच टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ऑइल तपासणारे लोक साधारण या आकड्याला ते बदलायला सांगतात. डब्यावरच्या 5डब्ल्यू-30 मधला 30 याचा अर्थ 100 अंशांवर ऑइलचा दाटपणा 9.3 ते 12.5 सेंटीस्टोक असायला हवा. पाच टक्के पेट्रोल मिसळलं की तो त्या खालच्या रेषेच्याही खाली घसरू शकतो. 30 चे पैसे देऊन तुम्ही 20 वर गाडी चालवता, आणि बेअरिंगांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

"म्हणूनच मी रविवारी गाडी दहा मिनिटं नुसती चालू ठेवतो. तापवतो!" नाना म्हणाले.

हा विधी आमच्या पार्किंगमध्ये सामुदायिक आहे. रविवारी सकाळी सात-आठ गाड्या जागच्या जागी गुरगुरत असतात आणि मालक शेजारी वर्तमानपत्र वाचत असतात. उभ्या गाडीवर भार नसतो, म्हणून ती फार सावकाश तापते. तोवर जादा पेट्रोल चालूच राहतं, आणि ऑइल तापायच्या आत मालकांचं वर्तमानपत्र संपतं. म्हणजे प्रत्येक रविवारी पातळीत श्रद्धेने थोडी भर.

पुढच्या आठवड्यात नाना भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला जाऊन आले. आल्यावर त्यांनी पट्टी काढली आणि मला हाक मारली. पातळी वरच्या खुणेच्या दोन मिलिमीटर खाली.

"कुणीतरी ऑइल काढलं. हॉलच्या पार्किंगवाल्याची नजर मला पहिल्यापासून आवडली नव्हती."

पार्किंगवाला निर्दोष होता. महामार्गावर ऑइल तासन् तास तापलं आणि पेट्रोल उडून गेलं. पण पातळी सर्व्हिसिंगच्या खुणेवर न थांबता खाली गेली, याचा अर्थ मधल्या काळात 100 मिलिलिटर खरं ऑइल जळलं होतं आणि त्याची जागा पेट्रोलने गुपचूप भरली होती. तेव्हा पाच नव्हे, साडेसात टक्क्यांच्या आसपास भेसळ होती. पट्टीचा खोटेपणा तो हाच. जास्त ऑइल जाळणाऱ्या गाडीत वर्षभर सगळं आलबेल दिसतं आणि ती घाटात पोचल्यावर पातळी खालच्या खुणेखाली जाते.

"मग आता ऑइल पुन्हा नवं झालं की!"

नाही झालं. पेट्रोलचे जड घटक 200 अंशांच्या आसपास उकळतात, ते सहजी जात नाहीत. आणि गार इंजिनात साचलेलं पाणी, त्यातून तयार झालेली आम्लं, त्यांच्याशी लढून संपलेली ऑइलमधली रसायनं, यांना कोल्हापूर दाखवून काही उपयोग नसतो.

नानांनी मग पुस्तिका आणली. "10,000 किलोमीटर! आठ महिन्यांत 1,400 झालेत. अजून चार वर्षं बघायला नको."

पुढचे शब्द त्यांनी वाचले नव्हते: किंवा 1 वर्ष, जे आधी येईल ते. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत कठीण वापराचा रकाना असतो. अनेक कंपन्या दर वेळी आठ किलोमीटरपेक्षा कमी चालणारी गाडी त्यात घालतात आणि मुदत साधारण निम्मी करतात. ट्रेलर ओढणारे, धुळीत राबणारे आणि आमचे नाना, सगळे एकाच रकान्यात. नानांना याचा किंचित अभिमानही वाटला.

तेव्हा मुदत कमी होते का, तर होते, पण ती किलोमीटरमध्ये मोजू नका, कॅलेंडरवर मोजा. नानांसारखी साधी पेट्रोल गाडी आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग रस्त्यावर पळत असेल, तर माझ्या मते वर्षाची मुदत चालेल. पळत नसेल तर सहा महिने. थेट फवाऱ्याची टर्बो असेल आणि फेऱ्या अशाच छोट्या असतील, तर सहा महिन्यांवर घासाघीस करू नका. पातळी वरच्या खुणेच्या स्पष्ट वर दिसली, तर तारीख न बघता बदला. आणि रविवारी गाडी नुसती चालू करून ठेवू नका. एक तर तिला घेऊन हिंडून या, नाही तर झोपू द्या.